पहिला ग्राहक वालीवच्या गाळ्यात: छोट्या उद्योगांसाठी मार्केटिंग सल्लागार होताना

वसई-विरारमधल्या अनेक घरांत सध्या एक वाद चालू असतो. मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. किंवा बी.एम.एस. करते, मार्केटिंगचा एखादा कोर्स पूर्ण करते आणि म्हणते, "मला नोकरी नको, मी फ्रीलान्स काम करीन." आईबाबांच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. महिन्याला नक्की किती येणार? काम देणार कोण? आणि दिलं तरी पैसे वेळेवर मिळणार का? हे तीनही प्रश्न रास्त आहेत. "होईल सगळं नीट" एवढ्यावर त्यांची बोळवण करू नये, हिशेब मांडून उत्तर द्यावं.

या क्षेत्रात उतरणारे बहुतेक विद्यार्थी सुरुवात कॅफे, केकवाले, बुटिक यांच्यापासून करतात, कारण तिथे फोटो छान येतात आणि इन्स्टाग्रामवर काम दिसतं. माझा सल्ला वेगळा आहे. आपल्या शहराच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये गाळ्यांच्या रांगा आहेत. तिथे पुठ्ठ्याचे बॉक्स, प्लास्टिकचे सुटे भाग, स्टीलची भांडी, लेबलं, यंत्रांचे भाग असा नाना तऱ्हेचा माल तयार होतो. यातल्या कित्येक मालकांना नवं गिऱ्हाईक हवं असतं, पण ते शोधायला वेळ आणि माणूस दोन्ही नसतात. तुमचा पहिला ग्राहक तिथे शोधा. असं का, ते फीच्या हिशेबातून कळेल.

आधी विचारा: एका नव्या गिऱ्हाइकामागे मालकाला किती उरतं?

सल्लागाराची फी त्याच्या पदवीवर ठरत नाही, त्याने किती पोस्ट टाकल्या यावरही ठरत नाही. त्याच्या कामामुळे मालकाच्या हातात जास्तीचे किती पैसे उरतील, त्याचा काही भाग म्हणजे फी.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू. यातले आकडे हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते त्या त्या मालकाला विचारून भरायचे असतात.

एका कॅफेत सरासरी बिल ३०० रुपयांचं होतं आणि सामान वगैरेचा खर्च वजा जाता त्यातले १०० रुपये उरतात, असं समजा. तुम्ही महिन्याला ७,००० रुपये फी घेतलीत, तर ती भरून निघायला दर महिन्याला ७० जास्तीची बिलं व्हायला हवीत. ती झाली तरी तुमच्यामुळे झाली हे दाखवणं अवघड असतं. पाऊस थांबला, शेजारी नवं कॉलेज सुरू झालं, सुट्ट्या लागल्या, या कशानेही गर्दी वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मालक म्हणतो, "फॉलोअर वाढले, पण गल्ला आहे तेवढाच आहे." काम तिथेच थांबतं.

आता सातिवलीत पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारा एक गाळा घ्या. त्याचं एक नियमित गिऱ्हाईक महिन्याला ४०,००० रुपयांचे बॉक्स घेतं आणि कागद, मजुरी, वाहतूक वजा जाता शेकडा १२ रुपये उरतात असं धरू. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे महिन्याला ४,८०० रुपये. शिवाय बॉक्स घेणारा कारखाना एकदा जुळला की माल नीट आणि वेळेवर मिळतो तोवर सहसा महिन्यामागून महिने तिथूनच घेतो. इथे फक्त एक पक्कं गिऱ्हाईक मिळवून दिलंत तरी फरक मालकाच्या वहीत नावानिशी दिसतो. गाळ्यापासून सुरुवात करा म्हणतो ते एवढ्यासाठीच.

मग तिथे नेमकं काम काय असतं?

गाळ्याचा मालक बहुधा म्हणतो, "फोनच येत नाहीत, जाहिरात करायला हवी." ते लगेच खरं धरू नका. त्याच्यासोबत बसून त्याच्या मोबाइलचा मागच्या दोन आठवड्यांचा कॉल लॉग पाहा. अनोळखी नंबरचे मिस्ड कॉल किती, त्यांतल्या किती जणांना परत फोन गेला, व्हॉट्सअ‍ॅपवर "रेट काय?" असं विचारणाऱ्याला उत्तर किती वेळाने गेलं, हे मोजा. यंत्राच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, मालक माल उतरवून घेत असतो, आणि विचारणारा पुढच्या नंबरला फोन लावतो. इंडियामार्टसारख्या ठिकाणी एकच मागणी एकाच वेळी अनेक विक्रेत्यांकडे जाते, त्यामुळे तिथे उशीर जास्तच महागात पडतो. अशा जागी जाहिरातीवर पैसे ओतले तर मिस्ड कॉल तेवढे वाढतील.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी चौकशीची वही किंवा शीट: तारीख, कोणी विचारलं, आपला नंबर कुठून मिळाला, काय हवं होतं, उत्तर कधी दिलं, दर काय सांगितला, पुढे काय झालं. मागच्या महिन्याच्या जेवढ्या चौकशा आठवतील, सापडतील तेवढ्या त्यात पहिल्याच दिवशी भरा. ही नोंद नसेल तर तीन महिन्यांनी तुम्ही केलेला फरक दाखवायला हातात काहीच नसतं.

त्यानंतर चौकशांसाठी वेगळा नंबर घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लावा. त्यात मालाचा कॅटलॉग टाका आणि ठरावीक प्रश्न तयार ठेवा. बॉक्सवाल्याला दर सांगण्याआधी काही गोष्टी कळाव्याच लागतात: बॉक्सचं आतलं माप, थ्री-प्लाय की फाइव्ह-प्लाय, आत किती वजनाचा माल जाणार, किती नग, छपाई आहे का आणि माल पोचवायचा कुठे. हे प्रश्न एकाच संदेशात पहिल्या काही मिनिटांत गेले की विचारणाऱ्याला वाटतं, समोरच्याला धंदा कळतो. दर शेवटी मालकच ठरवतो. तुम्ही त्याच्यापर्यंत पूर्ण माहिती पोचवता. आधीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून संदेश पाठवता येतो, पण ज्यांनी तो नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला आहे त्यांनाच तो पोचतो. नवा नंबर दिलात तर तो जतन करून घेणं हेही तुमचं काम.

तिसरं काम गूगल बिझनेस प्रोफाइलचं. ते मोफत आहे. इस्टेटीत एकसारख्या इमारती असतात, तेव्हा नकाशावरची खूण बरोबर गेटवर आणा आणि पत्त्यात इस्टेटीचं नाव, इमारत, गाळा क्रमांक लिहा. नाव पाटीवर आहे तेच ठेवा. नावात "वसईतील सर्वोत्तम स्वस्त बॉक्स" असं काही घुसडलं तर गूगल प्रोफाइल बंद करू शकतं. पडताळणीसाठी गूगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं, ज्यात रस्ता, पाटी, आतली यंत्रं आणि गाळा आपल्या ताब्यात आहे हे दिसावं लागतं. म्हणून मालक हजर असतानाच हे काम करा. फोटो खऱ्या मालाचे आणि खऱ्या यंत्रांचे घ्या. समाधानी गिऱ्हाइकाकडे अभिप्राय जरूर मागा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका, कारण गूगलच्या नियमांत ते बसत नाही. प्रोफाइलचा मुख्य मालकी हक्क गाळेवाल्याच्याच ईमेलवर ठेवा आणि स्वतःला मॅनेजर म्हणून जोडून घ्या. उद्या तुमचं काम थांबलं तरी त्याची मालमत्ता त्याच्याकडे राहिली पाहिजे.

हे सगळं बसलं, चौकशीला तासाभरात उत्तर जाऊ लागलं, की मगच जाहिरातीचा विचार करा. जाहिरातीचं खातं मालकाच्या नावाचं आणि पैसे त्याच्या कार्डातून थेट जाणारे. जाहिरातीचा खर्च आणि तुमची फी कधीही एकत्र करू नका.

फी: खालची मर्यादा आणि वरची मर्यादा

खालची मर्यादा तुमच्या गरजेवरून निघते. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या मुलाला महिन्याला २५,००० रुपये हातात यायला हवेत असं धरू. इंटरनेट, मोबाइल, रिक्षा, सॉफ्टवेअर आणि पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकायचे मिळून ५,०००. एकूण ३०,०००. महिन्यात २२ दिवस, रोज ६ तास म्हणजे १३२ तास. पण यातले जवळजवळ निम्मे तास नवे ग्राहक शोधण्यात, प्रवासात, शिकण्यात आणि पैशांची आठवण करून देण्यात जातात. फी मिळेल असे तास उरतात ६६. म्हणजे तासाला किमान ४५५ रुपये. हिशेबाला सोपं म्हणून ५०० धरू. नवीन मुलं १३२ तासांवर भागाकार करतात, दर निम्मा सांगतात आणि चार महिन्यांत दमून जातात. ही चूक आधीच टाळा.

आता बॉक्सवाल्याचं काम. सुरुवातीची घडी बसवायला, म्हणजे शीट, कॅटलॉग, फोटो, प्रोफाइल आणि कामगारांपैकी एकाला फोन-संदेश हाताळायला शिकवणं, यासाठी ३० तास: १५,००० रुपये. त्यानंतर दर महिन्याला १४ तास: ७,००० रुपये. पहिला महिना घडी बसवण्याचा आणि पुढचे दोन महिने चालवण्याचे, असा तीन महिन्यांचा करार २९,००० रुपयांचा झाला.

वरची मर्यादा मालकाच्या बाजूने तपासा. एक पक्कं गिऱ्हाईक महिन्याला ४,८०० देतं, तर सहा महिन्यांत २८,८०० होतात. म्हणजे तीन महिन्यांत एकच गिऱ्हाईक जुळलं तरी त्याचा खर्च सहा महिन्यांच्या मालात जवळजवळ वसूल होतो. हे त्याला कागदावर दाखवता येतं, म्हणून फी योग्य आहे. पण पुढे दर महिन्याचे ७,००० चालू ठेवायचे तर किमान दोन नवी गिऱ्हाइकं टिकलेली हवीत, तेव्हा त्याला ९,६०० मिळतात. तसं झालं नसेल तर तीन महिन्यांनी तुम्ही स्वतःच सांगा, की मासिक काम थांबवू. असं सांगणाऱ्या माणसाचं नाव इस्टेटीत पुढे जातं.

"प्रत्येक ऑर्डरवर टक्के घे" असं मालक सुचवेल. सुरुवातीला नाही म्हणा. ऑर्डर मिळणं त्याच्या दरावर, मालाच्या प्रतीवर आणि वेळेवर अवलंबून असतं, आणि ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात चौकशी येणं आणि तिला झटपट, पुरं उत्तर जाणं एवढंच आहे. त्याचीच जबाबदारी घ्या आणि त्याचेच पैसे घ्या.

पहिले ग्राहक कसे मिळतात?

इथे पालकांची खरी मदत होते. वसई-विरारच्या अनेक घरांतल्या माणसांनी वर्षानुवर्षं या गाळ्यांत काम केलेलं आहे. कुणी सुपरवायझर असतो, कुणी हिशेब लिहितं, कुणाचा टेम्पो आहे, कुणी यंत्रं दुरुस्त करतं. मुलाला नोकरी लावा असं सांगण्याऐवजी एवढंच विचारा: "तुमच्या मालकाला नवी गिऱ्हाइकं हवी आहेत का? माझी मुलगी दहा मिनिटं येऊन बोलली तर चालेल का?" दुसरा रस्ता सीएच्या ऑफिसातून जातो. इस्टेटीतल्या अनेक मालकांचे हिशेब त्यांच्याकडे असतात आणि मालक त्यांचा शब्द मानतात. त्यांच्याकडे यादी मागू नका. आपलं एक पानी पत्रक द्या आणि ओळख करून देण्याची विनंती करा.

भेटीआधी एकच धंदा निवडा. समजा बॉक्स. वसईत असे कोणकोण आहेत हे स्वतःच्या फोनवर शोधा. कुणाची खूण चुकली आहे, कुणाचा नंबर बंद लागतो, कुणाचा एकही फोटो नाही, हे लिहून घ्या. खोटं गिऱ्हाईक बनून फोन करू नका. उघड झालं तर दार कायमचं बंद होईल. मग जा आणि दोनच वाक्यं बोला: "साहेब, गूगलवर तुमचा गाळा मागच्या गल्लीत दाखवतोय आणि फोटो एकही नाही. माल शोधणारा माणूस तुमच्यापर्यंत पोचतो का, हे मी तपासून लेखी देते." बरेच मालक हिंदी किंवा गुजराती बोलतात, तेव्हा हेच हिंदीत सांगायची तयारी ठेवा. सकाळी काम लावायची घाई असते, म्हणून वेळ विचारूनच जा.

पहिलं काम फुकट करू नका. फुकट अहवाल मालक वाचत नाही आणि फुकट आलेल्या माणसाला कॉल लॉगही दाखवत नाही. त्याऐवजी पाच तासांची "चौकशी तपासणी" २,५०० रुपयांत द्या. दोन पानी लेखी निष्कर्ष द्या, आणि पुढचं काम मिळालं तर हे पैसे १५,००० मधून वजा करा. मालकाची जोखीम छोटी राहते आणि तो पैसे देणारा आहे की नाही हेही तुम्हाला लवकर कळतं.

एक बॉक्सवाला मिळाला की त्याच परिसरातला दुसरा बॉक्सवाला घेऊ नका. तुमच्याकडे पहिल्याचे दर आणि गिऱ्हाइकांची नावं असतात. त्याऐवजी शेजारच्या धंद्याकडे वळा: लेबल छापणारा, प्लास्टिकच्या पिशव्या करणारा, टेप विकणारा. त्यांचं गिऱ्हाईक तेच असतं, पण स्पर्धा नसते, आणि पहिला मालकच तुमची ओळख करून देऊ शकतो.

एक सावधगिरी. डॉक्टर, दंतवैद्य, वकील, सीए यांना त्यांच्या परिषदांच्या नियमांनुसार ग्राहक ओढण्यासाठी जाहिरात करायला बंदी किंवा कडक मर्यादा आहेत. कोचिंग क्लासेसच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात यशाचे खोटे दावे आणि लेखी संमतीशिवाय विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरण्याला मनाई आहे. हे नियम माहीत नसताना अशी कामं स्वीकारू नका.

पैसे वेळेवर मिळावेत म्हणून

गाळ्यांचा धंदा उधारीवर चालतो. मालकालाच त्याचे पैसे उशिरा मिळतात, मग तो ज्यांचे थांबवता येतील त्यांचे थांबवतो, आणि सल्लागार त्या यादीत सर्वांत शेवटी असतो. यावर उपाय एकच: घडी बसवण्याच्या कामाचे निम्मे पैसे आगाऊ आणि मासिक फी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, तीही आगाऊ. काय करणार आणि काय करणार नाही, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. "जरा व्हिजिटिंग कार्ड करून दे", "मुलाच्या वाढदिवसाचा बॅनर कर" अशी कामं हळूहळू १४ तासांचे २५ तास करतात. त्यांचा वेगळा दर त्याच पानावर असू द्या.

पॅन आणि आधारवरून सरकारी संकेतस्थळावर उद्यम नोंदणी मोफत होते. ती असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचं संरक्षण मिळतं: लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, आणि थकवले तर व्याज लागतं. मात्र तक्रारीपर्यंत गेलेलं नातं पुढे टिकत नाही, म्हणून आगाऊ पैशांचाच आग्रह धरा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. तोवर नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका. प्रत्येक कामाचं क्रमांक असलेलं बिल द्या, पैसे बँकेत घ्या आणि आयकर विवरणपत्र दरवर्षी भरा. उद्या घराचं कर्ज घ्यायचं झालं तर बँक हेच कागद मागते.

पालकांनी कशावर निर्णय घ्यावा?

आता वरचा महिना पुरा करून पाहा. चार मासिक ग्राहक म्हणजे ५६ तास आणि २८,००० रुपये. तीन महिन्यांतून एकदा नव्या गाळ्याची घडी बसवायची म्हणजे महिन्याला सरासरी १० तास आणि ५,०००. एकूण ६६ तास, ३३,००० रुपये. हातातले ६६ तास इथेच संपतात. म्हणजे एकट्याने काम करताना ही मिळकत हवी तेवढी ताणता येत नाही. पुढे वाढायचं तर अनुभवाने दर वाढवावा लागतो किंवा मदतीला माणूस घ्यावा लागतो. आणि चारांतला एक ग्राहक गेला तर महिन्याचे ७,००० एका फोनवर जातात. म्हणून पूर्ण वेळ उतरण्याआधी तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ९०,००० रुपये, बँकेत असावेत. शिकत असतानाच, शेवटच्या वर्षात, एक-दोन ग्राहकांवर सुरुवात करणं सर्वांत चांगलं. पदवी मात्र पूर्ण करा.

मुलाला सहा महिने द्या, आणि त्या काळात "किती फॉलोअर झाले?" हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा. पैसे देऊन तपासणी करून घेणारे किती मालक मिळाले? त्यातल्या किती जणांनी तीन महिन्यांनंतर काम पुढे चालू ठेवलं? आणि एखादा ग्राहक जुन्या ग्राहकाच्या सांगण्यावरून आला का? दोन मालकांनी काम चालू ठेवलं असेल आणि एक जण ओळखीतून आला असेल, तर मिळकत अजून २५,००० झाली नसली तरी आणखी सहा महिने द्यायला हरकत नाही. तपासण्या झाल्या पण पुढे कुणीच टिकलं नाही, तर कामात काहीतरी कमी पडतंय. अशा वेळी एखाद्या एजन्सीत किंवा कारखान्याच्या विक्री विभागात वर्षभर नोकरी करून शिकावं. आणि सहा महिन्यांत पैसे देणारा एकही मालक मिळाला नसेल, तर आधी किती गाळ्यांत प्रत्यक्ष जाऊन आलास, हे विचारा. हा आकडा दहाच्या आत असेल, तर धंद्याची परीक्षा अजून झालेलीच नाही. राहिलेल्या भेटी आधी पूर्ण करायला सांगा आणि मगच निर्णय घ्या.